‘टोनर लो’ आल्यावर कार्ट्रिज हलवल्याने खरंच जास्त पानं निघतात का?

टोनर संपत आल्याचा मेसेज आला की कार्ट्रिज बाहेर काढायचं, जोरजोरात हलवायचं आणि परत बसवायचं. पुण्यातल्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात, सीएच्या ऑफिसात किंवा अभ्यासिकेच्या काउंटरवर हा उपाय सगळ्यांना पाठ असतो. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात मी लेझर प्रिंटरची दुरुस्ती आणि कार्ट्रिज रिफिलिंग करतो. माझ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार म्हणजे ‘हलवलं तरी मेसेज जात नाही’, आणि तिच्या खालोखाल ‘हलवल्यापासून पानावर काळं पडतंय’. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

हलवल्याने टोनर वाढत नाही. कार्ट्रिजच्या आत कडेला अडकून बसलेली पावडर रोलरपर्यंत पोहोचते, एवढंच होतं. त्यामुळे फायदा होतो, पण तो छपाई फिकट पडायला लागल्यावर हलवलं तर. नुसता मेसेज आला म्हणून हलवलं तर बहुतेक वेळा काहीच साध्य होत नाही, आणि रिफिल केलेलं कार्ट्रिज असेल तर नुकसानही होऊ शकतं.

पुढचं सगळं घरात आणि छोट्या ऑफिसात असणाऱ्या ए-फोर ब्लॅक अँड व्हाइट लेझर प्रिंटरबद्दल आहे. कलर लेझर आणि मोठ्या झेरॉक्स मशिनबद्दल शेवटी थोडं सांगतो.

आधी लक्षणं नीट बघा

चार प्रकारची पानं माझ्यासमोर येतात, आणि चौघांचं कारण वेगळं असतं.

पहिल्या प्रकारात मेसेज किंवा दिवा आलेला असतो, पण पान काळंकुळीत, स्वच्छ येत असतं. दुसऱ्यात पानाच्या एका बाजूला किंवा मधोमध, वरपासून खालपर्यंत एक रुंद फिकट पट्टा दिसतो. त्याच्या कडा धूसर असतात, म्हणजे अक्षरं हळूहळू फिकी होत जातात आणि पुढे परत गडद होतात. तिसऱ्यात अख्खं पान सारखंच फिकट असतं. चौथ्यात फिकटपणा नसतोच. पानावर काळी धूळ, ठिपके किंवा उभ्या काळ्या रेघा असतात.

हलवण्याचा उपाय या चारपैकी फक्त दुसऱ्या प्रकाराचा आहे. तिसऱ्यात क्वचित उपयोग होतो. पहिल्यात गरज नाही आणि चौथ्यात हलवलं तर काम वाढतं.

पहिली तपासणी: न हलवता एक पान काढा

याला खर्च एका कागदाचा. प्रिंटरच्या स्वतःच्या सेटिंगमधून टेस्ट पेज किंवा कॉन्फिगरेशन पेज काढा. ते गडद आणि एकसारखं आलं तर कार्ट्रिजला हात लावू नका. मेसेज राहू द्या आणि काम चालू ठेवा.

हे पटत नाही लोकांना, कारण मेसेज म्हणजे प्रिंटरने आत डोकावून टोनर मोजला असं त्यांना वाटतं. बऱ्याच छोट्या प्रिंटरमध्ये तसं होत नाही. किती पानं निघाली, किती ठिपके छापले गेले किंवा रोलर किती फिरला याची मोजदाद होते, आणि त्यावरून शिल्लक किती असेल याचा अंदाज बांधला जातो. पुष्कळ कार्ट्रिजमध्ये हा हिशोब छोट्या चिपवर साठवलेला असतो. चिपला पावडरशी देणंघेणं नाही. तुम्ही कार्ट्रिज दिवसभर हलवत बसलात तरी चिपवरचा आकडा बदलणार नाही, म्हणून मेसेज जात नाही. हलवणं फसलं असा त्याचा अर्थ नाही, मेसेज मुळात हलवण्याशी जोडलेलाच नाही.

शिवाय हा अंदाज साधारणपणे थोडा आधीच इशारा देणारा असतो, म्हणजे नवीन कार्ट्रिज आणायला वेळ मिळावा. मेसेजनंतरही आत वापरण्याजोगी पावडर असते. आता कुणी मेसेज आल्या आल्या कार्ट्रिज हलवलं आणि पुढे शंभर-दीडशे पानं छान निघाली, तर तो श्रेय हलवण्याला देतो. ती पानं न हलवताही निघाली असती. हा गैरसमज एवढा पसरण्याचं कारण हेच.

काही मॉडेलमध्ये मात्र खरोखरचा सेन्सर असतो. तो टोनरच्या कप्प्यात प्रकाश टाकून किंवा विद्युत पद्धतीने पावडर आहे की नाही ते पाहतो. अशा प्रिंटरमध्ये हलवल्यावर पावडर सेन्सरसमोर येते आणि मेसेज सचमुच जातो. पण पावडर तेवढीच आहे. ती परत खाली बसली की थोड्या पानांनी मेसेज पुन्हा येतो. म्हणून मेसेज गेला की राहिला यावरून काहीच ठरवू नका, छापलेल्या पानावरून ठरवा.

मेसेजमुळे प्रिंटर छापायलाच नकार देत असेल तर तेही सेटिंगचं प्रकरण असू शकतं. बऱ्याच प्रिंटरमध्ये टोनर फार कमी झाल्यावर थांबायचं, विचारायचं की चालू ठेवायचं हे निवडता येतं. सप्लाय सेटिंगमध्ये `Very Low` च्या खाली `Continue` असा पर्याय दिसतो का बघा. तो निवडला की प्रिंटर पुढे छापत राहतो.

दुसरी तपासणी: सेटिंग आणि कागद

अख्खं पान एकसारखं फिकट असेल तर कार्ट्रिज काढण्याआधी दोन गोष्टी बघा. ड्रायव्हरमध्ये टोनर वाचवण्याचा पर्याय, `EconoMode` किंवा `Toner Save`, कुणी चालू करून ठेवलाय का? मेसेज आला की ऑफिसातलं कुणीतरी हमखास हे करतं आणि सांगायला विसरतं. मग फिकट पान बघून दुसरा माणूस कार्ट्रिज हलवत बसतो.

दुसरा कागद. पुण्यात जुलै-ऑगस्टमध्ये माझ्याकडे ‘टोनर संपला’ म्हणून येणाऱ्या प्रिंटरपैकी बऱ्याच जणांचा टोनर संपलेला नसतो. उघड्या ट्रेमध्ये आठवडाभर पडलेला कागद पावसाळी हवेतला ओलावा धरतो. ड्रम म्हणजे कार्ट्रिजमधला दंडगोल, ज्यावर पानाची प्रतिमा आधी टोनरने उमटते. तिथून टोनर कागदावर येतो तो कागदाच्या मागून दिलेल्या विद्युतभारामुळे. कागद दमट असला की तो भार कागदातून निसटतो आणि टोनर पुरता उतरत नाही. छपाई फिकट किंवा डागाडागांची दिसते, कागदही जरा वाकून बाहेर येतो. नवीन रीम फोडा, तिच्या मधली दहा-बारा पानं ट्रेमध्ये ठेवा आणि परत छापा. फरक पडला तर कार्ट्रिज निर्दोष आहे. उरलेला कागद वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा आणि ट्रेमध्ये दिवसाला लागेल तेवढाच घाला.

तिसरी तपासणी: आता हलवा, पण असं

उभा फिकट पट्टा दिसतोय, सेटिंग बरोबर आहे, कागद कोरडा आहे. आता हलवण्याची वेळ आली.

आत काय झालेलं असतं ते समजून घ्या. टोनरच्या कप्प्यात पावडर ढवळणारं एक पातं फिरत असतं आणि ते पावडर रोलरकडे ढकलतं. पावडर भरपूर असते तोवर ती रोलरच्या पूर्ण लांबीला सारखी मिळते. कमी झाली की पिठाच्या डब्यात मधून पीठ काढत गेल्यावर कडेला जसं साचून उभं राहतं, तशी ती एका बाजूला साचते. जिथे रोलरला पावडर कमी मिळते, नेमका तिथेच पानावर फिकट पट्टा येतो. प्रिंटर एका बाजूला कललेल्या टेबलावर असेल तर हे लवकर होतं, म्हणून टेबल सपाट आहे का तेही बघून घ्या.

प्रिंटर बंद करा आणि थोडा थंड होऊ द्या, कारण मागच्या बाजूला टोनर कागदावर भाजून पक्का करणारा फ्यूजर तापलेला असतो. टेबलावर वर्तमानपत्र पसरा. कार्ट्रिज दोन्ही टोकांना धरून आडवंच ठेवा, ड्रम खालच्या बाजूला राहील असं. आधी डावं टोक खाली, मग उजवं खाली, असं पाच-सहा वेळा हळू झुलवा. मग पुढे-मागे पाच-सहा वेळा. आत पावडर सरकल्याचा बारीक आवाज येतो. बस, एवढंच. आपटायचं नाही, उभं धरायचं नाही, खालून थापट्या मारायच्या नाहीत. ड्रमवरची झडप बोटाने उघडून बघायची नाही. तो हिरवा किंवा निळा चकचकीत ड्रम प्रकाशाने खराब होतो आणि बोटांचं तेल लागलं तर तिथे डाग छापला जातो. काम थांबवून फोन घ्यायचा असेल तर कार्ट्रिजवर जाड कापड टाका.

परत बसवून तीन-चार पानं छापा. पट्टा गेला किंवा त्याची जागा बदलली, तर निदान बरोबर होतं. टोनर खरंच संपत आलाय.

पट्टा अगदी त्याच जागी, तसाच राहिला, तर पट्टा कसा आहे ते जवळून बघा. टोनरचा पट्टा रुंद आणि धूसर कडांचा असतो. बारीक, सुरीने कापल्यासारखी सरळ पांढरी रेघ असेल तर लेझरच्या काचेवर किंवा आरशावर धूळ बसलेली असण्याची शक्यता जास्त. तिथे कितीही हलवून उपयोग नाही, नवीन कार्ट्रिज घातलं तरी रेघ तिथेच येते.

आता प्रश्न, हलवून किती पानं मिळतात? नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेचं उदाहरण देतो. तिथे स्पर्धा परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिका छापतात. कार्ट्रिज दीड हजार पानांचं होतं आणि हजाराच्या आतच मेसेज आला म्हणून मालक वैतागले होते. काउंटरवरचा मुलगा मेसेज दिसेल तेव्हा कार्ट्रिज काढून हलवत होता.

आधी मी त्यांना दीड हजाराचा हिशोब समजावला. खोक्यावरचा आकडा, मग तो एचपीच्या १२ए कार्ट्रिजचा २००० असो की ८८ए चा १५००, पानाचा सुमारे ५ टक्के भाग काळा धरून दिलेला असतो. म्हणजे साधारण एखादं छोटं पत्र. दोन कॉलममध्ये गच्च भरलेली, शिरोरेघांची, वर जाड शीर्षक आणि मध्ये तक्ते असलेली मराठी प्रश्नपत्रिका त्याच्या दीडपट-दुप्पट टोनर सहज खाते. ८ टक्के धरलं तरी १५०० चे ९४० च्या आसपास होतात. मेसेज वेळेवरच आला होता.

मग ठरवलं की न हलवता छापायचं. कॉन्फिगरेशन पेजवरचा पानांचा आकडा एका चिठ्ठीवर लिहून प्रिंटरला चिकटवला. मेसेजनंतर जवळपास दोनशे पानं पूर्ण गडद निघाली. त्यानंतर उजवीकडे फिकट पट्टा आला. तेव्हा पहिल्यांदा वरच्या पद्धतीने हलवलं, आणि साठेक पानं चांगली मिळाली. पट्टा परत आला, परत हलवलं, या वेळी पंधरा-वीस. तिसऱ्या वेळी दोन-तीन पानांतच अक्षरं फिकी पडली. तेव्हा कार्ट्रिज बदललं.

हा क्रम मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. आकडे कमी-जास्त होतात, पण पहिल्या हलवण्याचा फायदा सगळ्यात मोठा, दुसऱ्याचा थोडा आणि तिसऱ्याचा जवळजवळ नाहीच. या उदाहरणात हलवण्याने मिळालेली पानं ऐंशीच्या आसपास. मेसेजकडे दुर्लक्ष करून मिळालेली दोनशे. परीक्षेच्या आदल्या रात्री ऐंशी पानं फार मोलाची असतात, म्हणून हलवू नका असं मी कधीच म्हणत नाही. दुसऱ्यांदा हलवण्याआधी मात्र पुढचं कार्ट्रिज आणून ठेवा.

तिसऱ्यानंतर ताणू नका. ड्रमवर उरलेला टोनर खरवडणारी रबरी पट्टी असते, तिला वायपर ब्लेड म्हणतात. टोनरची बारीक पावडर या ब्लेडला आणि ड्रमला वंगणाचं काम करते. पावडर संपल्यावर रेटून छापत राहिलात तर ब्लेड कोरडं घासतं. पुढे रिफिल करायचं असेल तर नंतर ड्रमचा खर्चही पडतो.

रिफिल केलेलं कार्ट्रिज असेल तर जपून

ड्रम आणि टोनर एकत्र असलेल्या कार्ट्रिजमध्ये दोन कप्पे असतात. एकात चांगला टोनर, दुसऱ्यात वायपर ब्लेडने खरवडलेला वाया गेलेला टोनर. रिफिल करताना हा दुसरा कप्पा रिकामा करायलाच हवा. घाईत किंवा स्वस्तात केलेल्या कामात तो बरेचदा तसाच राहतो, दोन-तीन रिफिलमध्ये काठोकाठ भरतो. त्याच्या तोंडाशी फक्त एक पातळ प्लास्टिकची पट्टी असते. असं कार्ट्रिज जोरात हलवलं की वाया गेलेला टोनर त्या पट्टीवरून ड्रमवर आणि तिथून कागदावर सांडतो. ‘हलवल्यापासून काळं पडतंय’ ही तक्रार बहुतेक वेळा इथलीच असते. अभ्यासिकेच्या मुलानेही आधी एकदा असंच करून पानं काळी केली होती.

असं झालं तर आणखी हलवू नका. पाच-सहा कोरी पानं काढा. धूळ कमी होत गेली तर सुटलात. कमी होत नसेल तर कप्पा भरलेला आहे, तो रिफिलवाल्याकडूनच साफ करून घ्या. आणि पुढच्या वेळी कार्ट्रिज देतानाच स्पष्ट सांगा, ‘वेस्ट काढून मगच भरा.’

टोनर हातावर किंवा कपड्यावर सांडला तर आधी कोरड्या कापडाने झटका आणि मग गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने तो कपड्यात पक्का बसतो. घरातला साधा व्हॅक्युम क्लीनर लावू नका. टोनरचे कण इतके बारीक असतात की ते फिल्टरमधून निसटून खोलीभर उडतात.

चौथी तपासणी: पान अर्ध्यात थांबवून बघणं

हे थोडं धीराचं काम आहे. जमेल असं वाटत नसेल तर सोडून द्या.

हलवूनही अख्खं पान फिकट, नवीन कागद घालूनही फिकट. मग दोष कार्ट्रिजमध्ये आहे की प्रिंटरमध्ये? भरपूर मजकुराचं पान छापायला सोडा आणि कागद आत अर्धा गेला की कार्ट्रिजचं झाकण उघडा. प्रिंटर थांबेल. प्लग काढा, कार्ट्रिज बाहेर घ्या आणि झडप अलगद थोडीशीच उचलून ड्रमवर एक नजर टाका. ही एवढीच वेळ झडप उचलायची, आणि तीही काही सेकंदच. अडकलेला कागद सरळ ओढून काढा. त्यावरचा टोनर अजून भाजून पक्का झालेला नसतो, हाताला लागतो.

ड्रमवर अक्षरं ठसठशीत दिसतायत पण कागदावर फिकी आहेत, तर टोनर आहे, तो कागदावर उतरत नाहीये. दोष कागदाला मागून विद्युतभार देणाऱ्या ट्रान्सफर रोलरचा किंवा कागदाचा. ड्रमवरच अक्षरं फिकी आहेत, तर दोष बहुतेक कार्ट्रिजचा. एवढं कळलं की नवीन कार्ट्रिजवर पैसे घालायचे की प्रिंटर दुरुस्तीला द्यायचा हे ठरवता येतं.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

प्रिंटरमधून करकर आवाज येत असेल, जळका वास येत असेल किंवा बोट फिरवल्यावर छपाई पुसली जात असेल, तर तो फ्यूजर किंवा गिअरचा मामला आहे. कार्ट्रिजशी खेळून तो सुटणार नाही. पांढरी धारदार रेघ कार्ट्रिज बदलूनही राहिली तर लेझर युनिट उघडावं लागतं, ते घरी उघडू नका. आत टोनर सांडला असेल तर प्रिंटर चालू न करता द्या. पानावर एकच डाग दर साडेसात सेंटिमीटरच्या आसपास परत परत येत असेल, तर १२ए किंवा ८८ए सारख्या कार्ट्रिजमध्ये ती ड्रमवरची जखम असते. ड्रमचा एक फेरा तेवढाच असतो. हलवून किंवा रिफिल करून ती भरत नाही, ड्रमच बदलावा लागतो.

कलर लेझरमध्ये आणि मोठ्या झेरॉक्स मशिनमध्ये टोनरची नवीन बाटली बसवण्याआधी हलवायला सांगितलेली असते, ती हलवा. बसवलेलं डेव्हलपर युनिट मात्र काढून कधीही हलवू नका. त्यात टोनरबरोबर लोहयुक्त पावडर ठरावीक प्रमाणात असते, ती सांडली की खर्च मोठा येतो.

दुकानात येताना कार्ट्रिज वर्तमानपत्रात गुंडाळून, आडवं धरून आणा. येण्याआधी हलवू नका. आणि खराब आलेली दोन-तीन पानं सोबत घ्या. एक हलवण्याआधीचं आणि एक नंतरचं असेल तर आम्हाला काउंटरवरच सांगता येतं की रिफिल पुरेल की ड्रमही लागेल.